दांपत्यांची खासगी बोली

नवरा-बायकोने एकमेकांना ठेवलेली लाडनावे आणि फक्त त्या दोघांनाच अर्थ लागणारे शब्द, खुणा, थट्टा यांना मिळून ही संज्ञा.

मराठी घरात या बोलीचे मूळ लाडापेक्षा बंदीत सापडते. नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यातच, अशी रीत. मग एरवी आडवळणाच्या शब्दांनीच काम भागवावे लागे. ‘हे’, ‘इकडून’, ‘स्वारी’. सातारा भागात ‘कारभारी’, ‘मालक’, ‘धनी’. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत (1910) न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा केला आहे. बंदी सैल झाली तरी ‘अहो’ टिकला. तसा तो भाजीवाल्यालाही म्हणतात. पण घरातला ‘अहो’ किती लांबवला यावरून चहा झाला की भांडण निघाले, हे आतल्या खोलीत बरोबर कळते.

खासगी शब्द ठरवून होत नाही, बहुधा फजितीतून होतो. समजा, रहिमतपूरचे एक जोडपे पुण्याहून रात्रीच्या रेल्वेने परतताना झोपी गेले आणि पुढच्या तारगावला उतरले. महिनाभर ‘तारगाव’ म्हणजे नुसती डुलकी. पुढे पाहुण्यांसमोर नवऱ्याची गोष्ट लांबत चालली की बायको हळूच म्हणते, ‘तारगाव आलं.’ म्हणजे तुमचे स्टेशन मागेच गेले, आता थांबा. पाहुणे म्हणतात, कुणी येणार आहे का? चारचौघांत न दुखावता टोकता येते, हा या शब्दाचा खरा उपयोग. आणि दर वेळी तो उच्चारला की ती रात्रीची फजितीही दोघांना पुन्हा आठवते.

हॉपर, नॅप आणि स्कॉट या अमेरिकी अभ्यासकांनी 1981 मध्ये जोडप्यांच्या अशा शब्दांची वर्गवारी केली. तीत लाडनावांबरोबर तिऱ्हाइतांना ठेवलेली नावे, नाराजी दाखवायच्या खुणा आणि थट्टेच्या शिव्याही आहेत. ब्रूस आणि पिअर्सन यांच्या 1993 च्या अभ्यासात संसारात समाधानी असलेल्यांनी असे शब्द अधिक सांगितले, आणि नवविवाहितांनी सर्वांत जास्त. मात्र शब्दांमुळे जवळीक वाढते की जवळीक असल्यामुळे शब्द सुचतात, हे अशा मोजणीतून ठरत नाही. प्रस्तुत लेखकाला दुसरे अधिक पटते. उसने आणलेले ‘शोना’ आठवडाभरात गळून पडते.

शब्द बिघडतातही. ‘तारगाव’ मुलांनी उचलला की तो दोघांचा न राहता घराचा होतो. यात नुकसान काही नाही. ‘जाडू’, ‘कंजूस’ यांसारख्या थट्टेच्या नावांचे तसे नाही. एकांतात गोड लागलेले तेच नाव सासूसमोर किंवा रागात निघाले, की आधीच्या सगळ्या वेळाही संशयास्पद वाटू लागतात. समोरच्याने उलट खोडी काढली तर नाव अजून दोघांचे आहे. तो नुसताच हसून विषय बदलू लागला, तर ते एकट्याचे झाले.