ब्रिटन 'GB' की 'UK'?

ब्रिटनमधील संकेतस्थळांचे पत्ते .uk या अक्षरांनी संपतात. मात्र तेथील बँक खात्याच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाची सुरुवात GB ने होते. एकाच देशाला दोन संकेत मिळाले कसे?

देशांना दोन अक्षरी संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकाचे नाव आहे आयएसओ ३१६६. या यादीत युनायटेड किंग्डम ऑफ ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड या लांबलचक नावासाठी GB हा संकेत आहे. तो 'ग्रेट ब्रिटन' या भौगोलिक नावावरून घेतलेला आहे. वास्तविक ग्रेट ब्रिटनमध्ये उत्तर आयर्लंड येत नाही, ही त्यातील उणीव.

१९८४ मध्ये इंटरनेटवरील देशवार पत्त्यांसाठी हीच यादी प्रमाण मानण्याचे ठरले. परंतु ब्रिटिश विद्यापीठांच्या जाळ्यात 'uk' हे नाव तोवर रुळले होते. जुलै १९८५ मध्ये .uk ची नोंद झाली. .gb देखील नोंदले गेले, पण ते फारसे कोणी वापरले नाही.

यादीबाहेरचा संकेत उद्या दुसऱ्याच देशाला दिला गेला तर? हा धोका टाळण्यासाठी आयएसओने ब्रिटनच्या विनंतीवरून UK 'अपवादात्मक राखीव' ठेवला. अशा संकेताला अधिकृत देशसंकेताचा दर्जा नसतो. तो अन्य कोणाला मिळणार नाही, एवढीच हमी असते. युक्रेनचा संकेत UA आहे.

या वर्गात आणखीही मंडळी आहेत. युरोपीय संघ हा देश नव्हे, तरी EU राखीव आहे आणि त्यावरच .eu उभे आहे. असेन्शन बेटाचा AC टपाल व्यवहारासाठी राखला गेला. सर्वांत विलक्षण SU. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, तरी .su चे पत्ते त्यानंतरही चालू राहिले.

खरी गफलत होते ती संकेतस्थळ तयार करताना. ब्रिटिश इंग्रजी पानाची ओळख अशी द्यावी लागते:

```
<html lang="en-GB">
```

.uk च्या सवयीने अनेक जण येथे en-UK लिहितात. पान दिसायला ठीकच दिसते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण येथे अधिकृत यादीतला संकेत अपेक्षित असल्याने हा उल्लेख ग्राह्य ठरत नाही. कोणी नुसते lang="uk" लिहिले तर गंमत अधिकच. भाषांच्या स्वतंत्र यादीत uk म्हणजे युक्रेनियन! मग दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारी प्रणाली इंग्रजी मजकूर युक्रेनियन उच्चारांत वाचू लागण्याची शक्यता असते. तेव्हा पत्त्यात uk असले, तरी भाषेच्या रकान्यात en-GB आणि देशाच्या रकान्यात GB हेच लिहावे.

रस्त्यावर मात्र उलटे घडले आहे. ब्रिटिश मोटारींना परदेशात लावावी लागणारी GB ही खूण २८ सप्टेंबर २०२१ पासून UK अशी झाली.