मराठी ऑडिओबुक वाचून हातात किती पडतं? मीरा रोडच्या वन-बीएचकेमधला हिशोब

"आवाज काय छान आहे तुझा, काहीतरी कर त्याचं!" हे वाक्य ऐकलेली माणसं मराठी घरांत कमी नाहीत. शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन, सोसायटीच्या गणपतीतल्या घोषणा, कुणाच्या साखरपुड्याचं सूत्रसंचालन असं फुकटात सगळं करून झालेलं असतं. प्रश्न पैशाचा आला की मात्र काय विचारायचं, कुणाला विचारायचं आणि किती मागायचे, इथे गाडी अडते.

मराठीत पुस्तक ऐकायची सवय तशी जुनी. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट घराघरात वाजल्या, आकाशवाणीवर वाचन आणि श्रुतिका होत्याच. पण अनोळखी माणसाने आवाजाची चाचणी द्यावी आणि पुस्तक वाचायचे पैसे घ्यावेत, असं काम वाढलं ते ॲप आल्यावर. स्वीडनची स्टोरीटेल नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या बरोबरीने मराठी पहिल्याच दिवसापासून होती. पुढे मालिकेसारख्या ऑडिओ कथा देणारी भारतीय ॲपही मराठीत उतरली.

पैसे कशाचे मिळतात?

जाहिरातीचा व्हॉइस-ओव्हर आणि पुस्तकाचं निवेदन यांचा दर वेगळ्या पद्धतीने ठरतो. जाहिरात तीस सेकंदांची असते, पण ती टीव्हीवर जाणार की फक्त यूट्यूबवर, महाराष्ट्रातच की सगळीकडे, सहा महिने की वर्षभर, यावर मानधन बदलतं. त्यामुळे रक्कम बोलण्याआधी हे विचारून घ्यायचं. मुदत लिहून घेतली नसेल, तर तोच आवाज तीन वर्षं वाजत राहतो आणि पुन्हा मागायला तोंड उरत नाही.

पुस्तकाचा दर बहुतेक वेळा 'फिनिश्ड अवर'वर, म्हणजे तयार तासावर ठरतो. संपादन होऊन ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणारा जो एक तास असतो, त्याचे पैसे. तो तास तयार करायला तुमचे किती तास गेले, हे त्या दरात कुठेच दिसत नाही. नवखी माणसं फसतात ती इथेच.

पूनम सागरमधलं एक पुस्तक

समजा, मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या एका तरुणीला ४५ हजार शब्दांची कादंबरी वाचायचं काम आलं. पुस्तक किती तासांचं होईल, हे तिने आधी स्वतःच्या वेगाने मोजायला हवं. त्यासाठी पुस्तकाचं मधलं एखादं पान घेऊन पाच मिनिटं, खरोखर ऐकवायच्या चालीने वाचायचं आणि शब्द मोजायचे. ५७५ शब्द झाले, म्हणजे मिनिटाला ११५ आणि तासाला ६,९००. या हिशोबाने ४५ हजार शब्दांचं पुस्तक साधारण साडेसहा तासांचं होतं. पहिलं पान घेऊ नये. तिथे सगळेच जरा सावकाश आणि सजवून वाचतात.

आता दोन पर्याय समोर आहेत असं धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत, दर प्रत्येक ठिकाणी वेगळा ठरतो. पहिला पर्याय, घरी रेकॉर्ड करून, स्वच्छ करून, तयार फाइल द्यायची, तासाला १,५०० रुपये. साडेसहा तासांचे ९,७५० झाले. ऐकायला बरं वाटतं. पण पुस्तक आधी एकदा पूर्ण वाचून खुणा करायला सहा तास जातात. एका तयार तासासाठी रेकॉर्डिंगचे दोन तास धरले, तर १३ तास. चुका कापणं, श्वास आणि खाकरणं काढणं याला तयार तासामागे तीन तास, म्हणजे जवळपास २०. मग पुस्तक समोर धरून सगळं पुन्हा ऐकायचं, साडेसहा. कळवलेल्या दुरुस्त्या करायला आणखी तीन. एकूण साडे-अठ्ठेचाळीस तास होतात आणि तासाला पडतात सुमारे २०० रुपये.

दुसरा पर्याय, अंधेरीच्या स्टुडिओत जाऊन फक्त वाचायचं, तासाला १,०००. मिळणार ६,५००. संपादन स्टुडिओचं, त्यामुळे तयारीचे सहा, वाचनाचे १३ आणि दुरुस्तीचे तीन मिळून काम २२ तासांचं. पण घसा एका दिवसात तीन तासांपेक्षा जास्त एकसारखा टिकत नाही. म्हणून वाचनाच्या पाच फेऱ्या आणि दुरुस्तीची एक. मीरा रोडहून लोकलने अंधेरी आणि दोन्ही टोकांची रिक्षा धरून दिवसाचे दोन तास, म्हणजे १२ तास प्रवास. एकूण ३४ तास, तासाला १९० च्या आसपास. शिवाय भाडं वेगळं.

म्हणजे दीडपट वाटणारा दर प्रत्यक्षात जवळपास सारखाच निघाला. संपादन ज्याला पटकन जमतं त्याला घरचं काम परवडतं. ज्याला जमत नाही त्याने सुरुवातीला स्टुडिओ धरावा. तिथे समोर बसलेला माणूस चूक जागच्या जागी थांबवतो, ही शिकवणी फुकट मिळते.

घर साथ देतं का?

घरी काम घेण्याआधी एक चाचणी करायची. माइक चालू करून तीस सेकंद गप्प बसायचं आणि ते हेडफोनवर ऐकायचं. फ्रिजचा घूं आवाज, शेजारच्या कुकरची शिट्टी, एसीच्या बाहेरच्या पेटीवर बसलेली कबुतरं, लांबून जाणारी लोकल, कानाला एरवी न जाणवणारं सगळं तिथे सापडतं. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शांततेची पातळी डेसिबलमध्ये दिसते. ऑडिबलच्या एसीएक्स या सेवेचा निकष असा की ती उणे ६० किंवा त्याच्या खाली हवी. एसीएक्स भारतात राहणाऱ्यांसाठी खुली नाही, त्यामुळे तिथून कमाई करायचे परदेशी व्हिडिओ आपल्या उपयोगाचे नाहीत. निकष मात्र घरच्या चाचणीला चांगला आहे. पातळी उणे ४५ च्या आसपास घुटमळत असेल, तर खोली बदला किंवा वेळ बदला.

सॉफ्टवेअरने आवाज साफ करता येतो, पण जास्त केला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसणं, मागे गादी उभी करणं आणि पंखा बंद ठेवणं जास्त कामाचं. गजबजलेल्या इमारतीत महागडा कंडेन्सर माइक उलट त्रास देतो, कारण तो खिडकीबाहेरचंही ऐकतो. जवळचंच टिपणारा डायनॅमिक माइक तिथे बरा. तोंडापासून साधारण वीतभर अंतर आणि माइक किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चे फुसकारे थेट आदळत नाहीत.

रात्री एकनंतर इमारत शांत होते, म्हणून बरेच जण तेव्हा बसतात. पण रात्रीचा थकलेला आवाज आणि सकाळचा जड आवाज एकाच प्रकरणात आला की जोड लगेच कळतो. वेळ कोणतीही घ्या, पुस्तक संपेपर्यंत तीच ठेवा.

मराठी नीट येते, तरी अडतं कुठे?

मीरा रोडवर दिवसभर हिंदी-गुजराती कानावर पडतं आणि शाळा बहुतेकांची इंग्रजी. त्याचा ठसा वाचनात उमटतो. 'ज्ञान' चं 'ग्यान' होतं, 'बाळ' चं 'बाल' होतं. त्याहून अवघड आहे 'च' आणि 'ज' ची जोडी. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' एकसारखाच लिहिला जातो, उच्चार वेगळे. 'माझा' मधला 'झ' आणि 'माझी' मधला 'झ' सुद्धा एक नाही. आपण बोलताना हे आपोआप बरोबर म्हणतो, वाचताना डोळा पुढे पळतो आणि जीभ घसरते. म्हणून तयारीच्या वाचनात अशा शब्दांवर पेन्सिलने खूण करायची.

दुसरी गोष्ट कमी जण विचारतात. पुस्तकात 'त्याने सांगितले' छापलंय, तर 'सांगितले' वाचायचं की 'सांगितलं'? संवादात 'सांगितलं' शोभतं, निवेदनात काही निर्मात्यांना छापील रूप हवं असतं. पहिल्याच दिवशी विचारून घ्या. चौथ्या प्रकरणात धोरण बदललं, तर पहिली तीन पुन्हा वाचावी लागतात आणि त्या तासांचे पैसे कुणी देत नाही.

नमुना कशाचा द्यायचा?

नमुना दीड-दोन मिनिटांचा पुरे. त्यात थोडं निवेदन आणि दोन पात्रांचा संवाद असावा. मागे संगीत नको, कारण ऐकणाऱ्याला खोली आणि आवाज तपासायचा असतो. मजकूर निवडताना कॉपीराइट बघायचा. भारतात लेखकाच्या मृत्यूचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांना खुली आहे. व. पु. काळे गेले २००१ मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत आहे. वपुंची पानं वाचून रील टाकणारे हजारो आहेत, पण 'सगळेच टाकतात' हे परवानगीचं पत्र होत नाही. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा, मूळ पुस्तक कितीही जुनं असो.

चाचणीसाठी कुणी नोंदणी शुल्क मागत असेल, तर तिथून उठायचं. चाचणीच्या नावाखाली अख्खं प्रकरण वाचून मागणंही तसंच, ते तुमच्याकडून फुकट करून घेतलेलं काम आहे.

कागदावर काय हवं?

साध्या ईमेलवर चार गोष्टी तरी असाव्यात. तयार तासाचा दर, पैसे कधी मिळणार, दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत आणि आवाज कुठे-कुठे वापरला जाणार. दुरुस्तीत फरक करायचा. शब्द चुकला, तो तुमचा, फुकट सुधारायचा. लेखकाने नंतर वाक्यच बदललं, तर त्याचे पैसे वेगळे.

मानधनाची वर्षभराची रक्कम ठराविक मर्यादेपुढे गेली की कंपनी १० टक्के टीडीएस कापते. म्हणजे ९,७५० मधून ९७५ कमी जमा होतील. ते बुडत नाहीत. पॅन बरोबर दिला असेल तर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतात आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. पॅनच दिला नाही, तर कपात २० टक्क्यांवर जाते.