‘३०१’ची कुळकथा

वेबसाइट बंद झाली तरी जुन्या पत्त्यावर येणाऱ्या वाचकाला नव्या जागी नेऊन सोडता येतं. ही सोय सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत जन्मली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९२ साली एचटीटीपीचा मसुदा लिहिला, तेव्हा सर्व्हरने ब्राउझरला द्यायच्या उत्तरांना आकडे ठरवून दिले. त्यांतला एक ३०१: मागितलेला मजकूर कायमचा हलला आहे, हा त्याचा नवा पत्ता.

त्या नोंदीत एक अपेक्षाही होती. ज्या ब्राउझरला लिंक दुरुस्त करता येते, त्याने हे उत्तर मिळताच जुनी लिंक आपणहून नव्या पत्त्याशी जोडावी. बर्नर्स-ली यांचा नेक्स्ट संगणकावरचा पहिला ब्राउझर पानं दाखवायचा तसाच ती लिहूही द्यायचा, त्यामुळे ही अपेक्षा रास्त होती. पुढे मोझेइकसारखे ब्राउझर घरोघरी पोचले, ते मात्र फक्त वाचण्यापुरते. लिंक दुरुस्त करणारा हात गळाला आणि ३०१ एकटा उरला. त्याची सगळी अडचण मला इथे दिसते. दुसऱ्या कुणी आपल्या पानावर दिलेली जुनी लिंक जुनीच राहते, म्हणून जुन्या पत्त्यावर उत्तर द्यायला कुणीतरी कायम बसलेलं असावं लागतं.

त्याचं भावंड ४१०, एचटीटीपी १.१ च्या १९९७ सालच्या मानकात आलं. मजकूर मुद्दाम काढला आहे, परत येणार नाही, असं ते सांगतं. नेहमीचा ४०४ ‘सापडलं नाही’ एवढंच म्हणतो. ते कायमचं की तात्पुरतं, हे त्यातून कळत नाही. ज्या पानाची नवी जागा आहे त्याला ३०१ आणि ज्याची नाही त्याला ४१०, अशी वाटणी पानागणिक करायची असते.

कंटाळा नेमका इथेच येतो आणि सगळे जुने पत्ते सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळवले जातात. खुद्द सर्नमध्येही हे झालं होतं. जगातल्या पहिल्या वेबसाइटचं पान `http://info.cern.ch/hypertext/WWW/TheProject.html` या पत्त्यावर होतं. पुढे तो पत्ता नुसता `info.cern.ch`च्या मुखपृष्ठावर नेत असे. २०१३ साली सर्नने ते पान मूळ पत्त्यावर परत आणलं. हे जमलं, कारण डोमेन सर्नकडेच होतं आणि १९९२ सालची एक प्रत डब्ल्यू३सी या संस्थेच्या संग्रहात होती. पान त्याआधीपासून बदलत आलं होतं, पण तेव्हा हाती आलेली प्रत १९९२ची. बंद करण्याच्या दिवशी प्रत काढून ठेवायची ती यासाठीच.

अशा प्रतीसाठी वॉर्क नावाची फाइल वापरतात. इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या आर्क फाइलपासून ती घडली आणि २००९ साली आयएसओ मानक झाली. पानासोबत सर्व्हरने दिलेलं उत्तर आणि ते मिळाल्याची वेळही तिच्यात जशीच्या तशी राहते. साधी साइट असेल तर एक आज्ञा पुरते:

```
wget -r -l inf -p --warc-file=juni https://example.org/
```

जावास्क्रिप्टने उभी राहणारी पानं मात्र यात रिकामी येतात. म्हणून सर्व्हर चालू आहे तोवरच प्रत उघडून चार-दोन आतली पानं आणि चित्रं तपासावीत. नंतर पुन्हा उतरवायला काही उरत नाही.

वळवणं नीट झालं का, तेही ब्राउझरच्या भरवशावर न ठेवता एखाद्या आतल्या जुन्या पत्त्यावर पाहावं:

```
curl -I https://example.org/lekh/12
```

उत्तरात `301` आणि `Location:`पुढे त्याच लेखाचा नवा पत्ता दिसला पाहिजे. तिथे `302` असेल, तर बदल तात्पुरता असल्याचं आपणच सांगतो आहोत.

यानंतर वर्षानुवर्षं दोन गोष्टी सांभाळायच्या राहतात. पहिली जुन्या डोमेनचं सुरक्षा-प्रमाणपत्र. ते संपलं की ब्राउझर आधी धोक्याची सूचना दाखवतो आणि ३०१ वाचकापर्यंत पोचतच नाही. दुसरी खुद्द डोमेन. डॉट कॉम डोमेनची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस थांबतो. नोंद खोडली गेल्यावर जादा पैसे भरून सोडवायला ३० दिवस मिळतात, पुढचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग ते कुणीही घेऊ शकतं. नव्या मालकाकडे आपल्या सगळ्या जुन्या लिंका जातात, शिवाय त्या डोमेनवर येणारी ईमेलही. कुठल्याशा खात्याला तो जुना ईमेल जोडलेला असेल, तर पासवर्ड बदलण्याचं पत्र त्याच्याच हाती पडतं. म्हणून डोमेन सोडायचंच असेल, तर त्यावरच्या ईमेलला जोडलेली खाती आधी दुसरीकडे हलवावीत.