खंडशः रेषीय वाहतूक खर्च

मालाच्या प्रमाणातील ठरावीक टप्प्यांवर प्रतिएकक दर बदलतो, असा वाहतूक खर्च. मिश्र पूर्णांक प्रायोजनात (पहा : पूर्णांक प्रायोजन) तो द्विमान चलांच्या साहाय्याने मांडतात. वाढीव खंडांची पद्धत एच. एम. मार्कोविट्झ व ए. एस. मॅन यांनी १९५७ मध्ये मांडली.

उदाहरणार्थ, पहिल्या १०० क्विंटलला ५० रुपये, पुढील २०० क्विंटलला ४० रुपये आणि त्यापुढील २०० क्विंटलला ३० रुपये असा प्रतिक्विंटल दर धरू. एकूण माल x = x1 + x2 + x3 असा विभागतात. २५० क्विंटलचा खरा खर्च ११,००० रुपये येतो. मात्र खर्च किमान करताना प्रतिमान सर्वांत स्वस्त खंड आधी भरते : २०० क्विंटल ३० रुपयांनी, ५० क्विंटल ४० रुपयांनी, म्हणजे ८,००० रुपये. x1 शून्य असताना x3 धन दिसणे ही या दोषाची खूण होय. तो टाळण्यासाठी y1 व y2 ही ० किंवा १ मूल्याची चले घेतात :

```
100 y1 <= x1 <= 100
200 y2 <= x2 <= 200 y1
0 <= x3 <= 200 y2
```

त्यामुळे आधीचा खंड पूर्ण भरल्याशिवाय पुढचा उघडत नाही. दर टप्प्यागणिक वाढत असतील, तर खर्चफल बहिर्वक्र असते (पहा : बहिर्वक्र फलन), स्वस्त खंड आपोआप आधी भरतो आणि द्विमान चले लागत नाहीत.

टप्पा ओलांडताच सर्वच मालाला कमी दर लागू होत असेल, तर खर्च त्या बिंदूशी एकदम घसरतो. तेथे ही मांडणी चालत नाही; प्रत्येक दरपट्ट्याला स्वतंत्र द्विमान चल देऊन त्यांपैकी एकच निवडावा लागतो.