दोन नकार, एक अर्थ : इंग्रजीतील दुहेरी नकाराचा इतिहास

१/१३
एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'आय डोन्ट नो नथिंग' असे लिहिले, तर त्याखाली लाल शाईची रेघ ठरलेलीच. मात्र इंग्रजी काव्याचा आद्य महाकवी मानला जाणारा जेफ्री चॉसर याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस 'कँटरबरी टेल्स'च्या प्रास्ताविकात आपल्या सरदाराचे वर्णन करताना दोन ओळींत चार नकार वापरले. हा सरदार आयुष्यात कुणालाही अपशब्द बोलला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळी कुणालाही त्यात चूक दिसली नाही. मग चारशे वर्षांत असे काय घडले, की चॉसरची शैली शाळकरी मुलाचा अपराध ठरली?

२/१३
या कथेचा आरंभ जुन्या इंग्रजीत होतो. त्या भाषेत नकारासाठी 'ने' हा एकच छोटा शब्द होता आणि तो क्रियापदाच्या आधी येई. 'मी म्हणत नाही' हे 'इच् ने सेज्ये' असे म्हटले जाई. 'ने' इतका लहान आणि आघातहीन होता, की बोलण्याच्या ओघात तो ऐकूच येईनासा झाला. वाक्याचा सारा अर्थ उलटवणारा शब्दच कानांवर पडला नाही, तर संवाद कसा होणार? म्हणून बोलणारे त्याच्या मदतीला आणखी एक शब्द जोडू लागले.

३/१३
हा मदतनीस शब्द होता 'नाविह्त', म्हणजे 'अजिबात काही नाही'. मराठीत आपण 'मुळीच नाही' म्हणतो, त्याच जातीचा हा जोर. हाच शब्द पुढे झिजत झिजत 'नॉट' झाला. म्हणजे आज इंग्रजीचा मुख्य नकार म्हणून मिरवणारा 'नॉट' हा मूळचा दुसरा, जोडीला घेतलेला नकार आहे! 'नेव्हर'ची कुळकथाही अशीच. 'ने' आणि 'कधी' या अर्थाचा 'अ‍ॅव्रे' यांच्या जोडणीतून तो घडला.

४/१३
डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन याने १९१७ साली ही सारी साखळी मांडून दाखवली. आधी केवळ 'ने' होता. मग 'आय ने सेये नॉट' अशी दोन नकारांची जोडी आली. पुढे 'ने' गळून पडला आणि 'आय से नॉट' उरले. शेवटी 'डू' हे साहाय्यक क्रियापद आले व 'आय डू नॉट से' ही आजची रचना रुळली. जुना नकार दुबळा होतो, नवा त्याला आधार देतो, आणि अखेर आधार देणाराच गादीवर बसतो. पुढे अभ्यासकांनी या क्रमाला 'येस्पर्सनचे चक्र' असे नाव दिले.

५/१३
अशा भाषेत एका वाक्यात दोनतीन नकार येणे स्वाभाविकच होते. ते एकमेकांना छेदत नसत. सारे मिळून एकच नकार ठसवत. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकातील व्हायोला आपल्या हृदयावर कुणाही स्त्रीची सत्ता चालणार नाही, हे सांगताना सलग तीन नकार उच्चारते. बीजगणिताने हिशेब केला, तर तीन नकारांचा निकाल नकारच येतो. चॉसरच्या चार नकारांचा मात्र होकार यायला हवा. श्रोत्यांनी असा हिशेब कधी केलाच नाही.

६/१३
सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजी खासगी पत्रव्यवहार अभ्यासकांनी तपासला, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट आढळली. नकारांची ही पुनरुक्ती व्याकरणकारांच्या आधीच लेखनातून ओसरू लागली होती. दरबार, शासन आणि कायदा यांच्याशी संबंधित सुशिक्षित पुरुषांनी ती आधी सोडली. औपचारिक शिक्षणापासून दूर ठेवलेल्या स्त्रियांच्या आणि खालच्या थरांतील लोकांच्या लेखनात ती अधिक काळ टिकली. दुहेरी नकार हा तर्काचा प्रश्न होण्यापूर्वीच प्रतिष्ठेची खूण बनू लागला होता.

७/१३
मग आले नियम. १७११ साली जेम्स ग्रीनवुड या शिक्षकाने आपल्या व्याकरणात लिहिले, की इंग्रजीत दोन नकार मिळून होकार होतो. रॉबर्ट लोथ या धर्मगुरूचे व्याकरण १७६२ साली निघाले. हा नियम लोथनेच घालून दिला, असे नेहमी सांगितले जाते. परंतु त्याच्या पहिल्या आवृत्तीत तो नव्हताच, पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत तो आला. या मंडळींसमोर आदर्श होता लॅटिनचा, आणि लॅटिनमध्ये दोन नकार खरोखरच एकमेकांना रद्द करत.

८/१३
नियम घरोघरी पोचवला तो लिंडली मरे याने. मूळचा अमेरिकन असलेला मरे इंग्लंडमधील यॉर्कजवळ स्थायिक झाला होता. तेथील मुलींच्या एका शाळेसाठी त्याने लिहिलेले व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकणे म्हणजे असे नियम पाठ करणे, हे समीकरणच झाले. तरीही लंडनचा मजूर आणि अमेरिकेतील शेतकरी 'आय डोन्ट नो नथिंग' म्हणतच राहिले. १९७२ साली विल्यम लबॉव्ह याने कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतील नकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बोलीतील नकारांची पुनरुक्ती काटेकोर नियमांनी चालते, हे त्याने दाखवून दिले. ती बोली प्रमाण नाही; पण अतार्किकही नाही.

९/१३
मराठी विद्यार्थ्याची चूक मात्र या बोलींतून येत नाही. ती येते त्याच्या स्वतःच्या भाषेतून. 'मी कधीच खोटे बोलत नाही' हे वाक्य घ्या. विद्यार्थी 'कधीच' म्हणजे 'नेव्हर' आणि 'नाही' म्हणजे 'नॉट' अशा जोड्या लावतो व लिहितो, 'आय डोन्ट नेव्हर टेल लाइज'. चूक पहिल्याच जोडीत आहे. 'तो कधीच गेला' या वाक्यात 'कधीच'चा अर्थ 'केव्हाच, फार पूर्वी' असा होतो. 'कधीही ये', 'काहीही चालेल', 'कोणीही सांगेल' या वाक्यांतही नकाराचा मागमूस नाही. म्हणजे हे शब्द स्वतः नकारार्थी नाहीत. सारा नकार एकट्या 'नाही'त आहे. 'नेव्हर'च्या पोटात मात्र तो जुना 'ने' अजून दडून बसला आहे. म्हणून एक तर 'आय नेव्हर टेल लाइज', नाही तर 'आय डोन्ट एव्हर टेल लाइज'. नकाराला जागा एकच.

१०/१३
'कान्ट हार्डली'ची चूक याहून फसवी आहे, कारण 'हार्डली'त 'न' दिसतच नाही. हा शब्द 'हार्ड'पासून आला. 'जोराने', 'कष्टाने' असे त्याचे जुने अर्थ होते. कष्टाने घडते ते फारसे घडत नाही, या वाटेने तो 'जवळजवळ नाहीच' या अर्थाला पोचला. आता 'मला अंधारात फारसे दिसत नाही' याचे शब्दशः भाषांतर पाहा. 'फारसे'ला 'हार्डली' आणि 'दिसत नाही'ला 'कान्ट सी' दिले, की 'आय कान्ट हार्डली सी' तयार! 'हार्डली'ची खरी जोड 'फारसे' नव्हे, 'जेमतेम' ही आहे. 'मला जेमतेम दिसते' असे मनात म्हटले, की 'आय कॅन हार्डली सी' आपोआप सुचते.

११/१३
एखादा शब्द असा छुपा नकार बाळगतो का, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. वाक्याच्या शेवटी 'हो ना?' या अर्थाचे छोटे प्रश्नपुच्छ जोडून पाहावे. इंग्रजीत होकारार्थी वाक्याला सामान्यतः नकारार्थी पुच्छ लागते, जसे 'ही कम्स, डझन्ट ही?'. नकारार्थी वाक्याला होकारार्थी पुच्छ लागते. 'ही हार्डली कम्स' याला कोणते लागते? 'डझ ही?'. म्हणजे इंग्रजीच्या लेखी हे वाक्य आधीच नकारार्थी आहे. 'स्केअर्सली', 'बेअरली' आणि 'सेल्डम' हेही याच पंक्तीतले.

१२/१३
तिसरी चूक नकाराच्या जागेची. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' याचे 'वेट अन्टिल ही डझन्ट कम' होते. येथे दोन भाषा एकाच घटनेकडे दोन बाजूंनी पाहतात. मराठी वाक्य प्रतीक्षेचा कालावधी मोजते. तो आलेला नसतो, तेवढा सारा वेळ थांबायचे, म्हणून 'नाही' हवेच. 'अन्टिल' मात्र त्या कालावधीच्या शेवटच्या टोकावर, म्हणजे त्याच्या येण्याच्या क्षणावर, बोट ठेवतो. त्या टोकाशी तो आलेला असतो. तेथे नकाराला जागाच नाही. म्हणून 'वेट अन्टिल ही कम्स'. मराठीतही 'तो येईपर्यंत थांब' म्हटले, की 'नाही' गळून पडते आणि चित्र थेट इंग्रजीसारखे होते. भाषांतर करायचेच, तर या वाक्याचे करावे.

१३/१३
दोन नकारांचा होकार होतो, हे विधान सर्वस्वी खोटेही नाही. 'हे अशक्य नाही' किंवा 'तो आल्याशिवाय राहणार नाही' या मराठी वाक्यांत तसेच घडते. तेथे एका नकाराने बनलेली गोष्ट दुसरा नकार उलटवतो. 'डोन्ट नो नथिंग'मध्ये मात्र दोन्ही नकार एकाच गोष्टीवर खांद्याला खांदा लावून उभे असतात. आज प्रमाण इंग्रजीत ही दुसरी रीत चालत नाही, म्हणून परीक्षेत आणि अर्जात ती टाळलीच पाहिजे. पण लाल रेघ ओढताना 'अरे, दोन नकारांचा होकार होतो' एवढे सांगून विद्यार्थ्याला काहीच कळत नाही, कारण त्याच्या मनात दुसरा नकार नव्हताच. त्याने 'कधीच' लिहिले होते. त्याला सांगायचे ते इतकेच, की 'कधीच'मध्ये 'नाही' नसते आणि 'नेव्हर'मध्ये ते असते.