निदण : एका शब्दाची निवड आणि मराठी वाचकाची कल्पना

भाषांतराच्या चर्चेत मूळ भाषा आणि लक्ष्यभाषा असे दोनच पक्ष सहसा गृहीत धरले जातात. लक्ष्यभाषा एकसंध आहे, तिच्यात प्रत्येक वस्तूला एक नाव आहे आणि भाषांतरकाराने ते शोधून काढायचे आहे, अशी समजूत त्यामागे असते. मराठीपुरते बोलायचे तर ही समजूत शेताच्या बांधापर्यंतही टिकत नाही. पिकातले अनावश्यक गवत काढण्याच्या कामाला नागपूर-वऱ्हाडात आणि खानदेशात निंदण म्हणतात, देशावर खुरपणी म्हणतात आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे भांगलण म्हणतात. हे तीनही शब्द शिष्ट किंवा अशिष्ट नाहीत आणि त्यांतला एकही दुसऱ्याचा अपभ्रंश नाही. यांपैकी एकच छापायचा असेल तर तो कोणत्या न्यायाने निवडावा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात बायबलच्या मराठी भाषांतरकारांपुढे उभा राहिला. त्याचे स्वरूप अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) संदर्भात विशेष स्पष्ट होते.

या प्रश्नाला एक पूर्वेतिहास आहे. विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. वैजनाथ पंडित हे त्याचे प्रमुख साहाय्यक होते. कॅरीच्या मराठीवर नागपूरकडच्या बोलीचा ठसा आहे, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना हे भाषांतर आपल्या श्रोत्यांसाठी पुरेसे वाटले नाही. त्यांनी आपले स्वतंत्र भाषांतर हाती घेतले आणि १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार मुंबईत छापून पूर्ण केला. म्हणजे मराठी गद्य छापखान्यात स्थिरावण्याच्या आतच एका ग्रंथाची दोन मराठी रूपे निर्माण झाली होती आणि त्यांच्यातील भेदाला प्रादेशिक बाजूही होती. एका प्रदेशाचे शब्द घेऊन साऱ्या मराठी मुलखासाठी पुस्तक करता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला. कोणते शब्द घेऊन ते करता येईल, हे मात्र त्यातून कळले नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस अहमदनगरला ठाणे घातले, तेव्हा हा प्रश्न अधिक बिकट झाला. मुंबईतील श्रोता निदान शहराच्या मिश्र बोलीचा सराव असलेला होता. नगर जिल्ह्यातील मिशनचा श्रोता प्रामुख्याने गावकुसाबाहेरचा होता. महार आणि मांग समाजातील स्त्रीपुरुष, शेतमजूर, अल्पभूधारक असे त्याचे स्वरूप होते. त्याच्यापर्यंत ग्रंथ पोहोचायचा तो मुख्यतः कानांवाटे, कोणीतरी वाचून दाखवल्यावर. शिवाय या जिल्ह्यात एक बोली नाही. उत्तरेकडील कोपरगाव, संगमनेर, नेवासे हे तालुके नाशिक आणि गोदाकाठाशी जोडलेले आहेत. दक्षिणेकडील कर्जत, जामखेड, श्रीगोंदे हे तालुके सोलापूर, बीड आणि पुण्याला लागून आहेत. उत्तरेस निंदणे अधिक कानी पडते, तर दक्षिणेस खुरपणे. ज्या पेचामुळे श्रीरामपूर आणि मुंबई वेगळ्या झाल्या, तोच पेच येथे एका जिल्ह्याच्या हद्दीत सामावलेला होता.

हा पेच मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील एका दृष्टान्तात नेमका पाहता येतो. एका माणसाने शेतात चांगले बी पेरले. लोक झोपेत असताना शत्रू आला आणि गव्हात दुसरेच काही पेरून गेला. गव्हाला ओंब्या धरू लागल्यावर तेही दिसू लागले. चाकरांनी ते उपटून टाकण्याची परवानगी मागितली. उपटताना गहूही उपटला जाईल म्हणून धन्याने त्यांना थांबवले आणि कापणीपर्यंत दोन्ही वाढू देण्यास सांगितले. शत्रूने पेरलेल्या या वनस्पतीला ग्रीक पाठात झिझानिया असे नाव आहे. ती गव्हाच्या शेतात उगवणारी, ओंबी येईपर्यंत गव्हापासून जवळजवळ ओळखू न येणारी आणि दाण्यात विषारी ठरू शकणारी गवताची एक जात आहे, असे सामान्यतः मानले जाते. दृष्टान्ताचा सारा अर्थ या साम्यावर उभा आहे. बऱ्यावाईटाचा निवाडा आत्ताच करू नये, कारण तो करणाऱ्याला आत्ताच ते ओळखू येत नाही.

मराठीत या जागी काय घालायचे? पहिला पर्याय संस्कृत शब्दाचा होता. तृण म्हटले असते तर ते कोकणापासून नागपूरपर्यंत कोणालाच परके वाटले नसते. पण ते कोणाच्याच शेतातही उगवले नसते. अशा शब्दांची मोठी सोय ही की ते कोणत्याही प्रदेशाचे नसतात. मराठी गद्याच्या प्रमाणीकरणात त्यांचा एवढा प्रादुर्भाव झाला, त्याचे एक कारण हेच आहे. दोन प्रादेशिक शब्दांत भांडण लागले की तिसरा संस्कृत शब्द पंच म्हणून बोलावला जातो. परंतु हा पंच पोथी-पुराणांच्या परिचयातून येतो. तो परिचय ज्यांना नाकारला गेला होता, नेमक्या त्यांच्यासाठीच हे भाषांतर होते. प्रदेशभेद मिटवण्यासाठी दिलेली किंमत अशा वेळी जातिभेदाच्या खात्यात वसूल होते.

दुसरा पर्याय गवत किंवा तण या व्यापक शब्दांचा होता. गवत सर्वांना कळते, पण ते गुरांचे खाद्यही आहे. शत्रूने गव्हात गवत पेरले, या वाक्यात शत्रुत्व पुरेसे उतरत नाही. तण हा शब्द त्याहून नेमका आहे. त्याचा आजचा सार्वत्रिक प्रसार मात्र बराचसा अलीकडचा आहे. कृषिखात्याच्या पत्रिका, १९६८ मध्ये राहुरी येथे स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांचे विस्तारसाहित्य आणि बाजारातील तणनाशकांची वेष्टने यांनी या शब्दाला आजची सर्वपरिचितता दिली. म्हणून आज सर्वांत सोपा वाटणारा शब्द एकोणिसाव्या शतकातही तेवढाच सोपा होता, असे गृहीत धरणे चूक ठरेल. शब्दाची व्याप्ती हा त्याचा अंगभूत गुण नसतो. ती कोणत्या तरी व्यवहाराने घडवलेली असते.

मराठी बायबलच्या दीर्घकाळ रूढ असलेल्या पाठात या जागी निदण हा शब्द आहे. ही निवड वरवर पाहता आश्चर्यकारक आहे, कारण तिच्यात वऱ्हाड-खानदेशाकडे आणि नगरच्या उत्तर भागाकडे झुकणारा शब्द पत्करलेला दिसतो. तिची बलस्थाने मात्र स्पष्ट आहेत. निंदण म्हणजे निंदण्याचे काम आणि निंदून काढण्याची वस्तूही. खुरपणी हे फक्त काम आहे. खुरपून काढलेल्या वस्तूला त्या धातूपासून सहज नाम मिळत नाही. भांगलणीचीही हीच अडचण आहे. शत्रूला काहीतरी पेरायचे होते आणि खुरपणी पेरता येत नाही. म्हणजे तीन प्रदेशांच्या तीन शब्दांपैकी दोन व्याकरणानेच बाद होतात. प्रादेशिक पर्यायांना आपण समानार्थी समजतो तेव्हा ही गोष्ट नजरेआड होते. ते एका कामाची नावे म्हणून समान असतील. वाक्यात त्यांची क्षमता समान नसते. निंदण न लिहिता निदण लिहिल्यामुळे निंदा या शब्दाशी होऊ शकणारा घोटाळाही टळतो. दोष देणे या अर्थाचे निंदणे ग्रंथिक मराठीत रूढ असल्याने ही शक्यता काल्पनिक नव्हती.

तरीही या निवडीत एक हानी झाली आणि ती प्रादेशिक नाही. निदण म्हणजे व्युत्पत्तीनेच जे निंदून काढायचे ते. दृष्टान्तातला धनी नेमके निंदायलाच मनाई करतो. नेवाशाजवळच्या वडाळ्यासारख्या मिशनच्या गावात हे ऐकणाऱ्या बाईचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या रानात गवत काढण्यात गेलेले असणार. तिच्या दृष्टीने निदण वेळेवर न काढणे हा आळस किंवा अडाणीपणा होता. वनस्पती गव्हासारखी दिसते, हे तिला कळले तरच धन्याचे शहाणपण तिला पटणार. पण निदण या शब्दात साम्याची खूण नाही. भात पिकवणाऱ्या भागांत देवभात हा शब्द आहे. तो पिकात आपोआप उगवणाऱ्या, लोंबी येईपर्यंत भातासारख्याच दिसणाऱ्या जातीला लावतात. ग्रीक शब्दातील कल्पनेच्या तो कितीतरी जवळ जातो. परंतु तो भाताचा शब्द आहे, गव्हाच्या शेतात तो चालत नाही आणि त्यातला देव शत्रूच्या पेरणीशी जुळत नाही. अर्थदृष्ट्या सर्वांत जवळचा शब्द असा भूगोलाने आणि सूचितार्थाने अडवला जातो.

या प्रश्नाची दुसरी बाजू १९०५ मध्ये दिसते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड त्या वर्षी प्रसिद्ध झाला. तो स्टेन कोनो याने सिद्ध केला होता. बोलींचे नमुने तुलनेसाठी मिळावेत म्हणून सर्वेक्षणाने उधळ्या पुत्राचा दृष्टान्त ठिकठिकाणी स्थानिक बोलीत उतरवून घेतला. येथे ग्रंथ तोच, पण दिशा उलटी आहे. बायबलच्या भाषांतरकारांना अनेक बोलींसाठी एक पाठ हवा होता. सर्वेक्षणाला एका पाठाच्या अनेक बोली हव्या होत्या. पहिल्यात माणसाला आणि माणसाले यांपैकी एक रूप वगळावेच लागते; दुसऱ्यात दोन्ही नोंदवता येतात. मात्र दुसऱ्यातील प्रत्येक पाठ एका प्रदेशापुरताच वाचनीय असतो. कृषिपत्रिकेत निंदणी-खुरपणी असा जोडशब्द छापून हा पेच सोडवता येतो, कारण तिथे सूचना कळणे एवढेच उद्दिष्ट असते. मोठ्याने वाचायच्या, पाठ व्हायच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत व्हायच्या ग्रंथाला ही सवलत नाही.

पंडिता रमाबाईंचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर वेगळा उठून दिसतो. नगरच्या शेजारी, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी भाषांतर एकहाती केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असूनही त्यांनी संस्कृतप्रचुरता टाळली आणि अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी भाषा हे उद्दिष्ट ठेवले. त्यांच्या मुक्तिसदनातील मुली १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आलेल्या होत्या. प्रदेशांत विखुरलेला वाचक इतरांना कल्पनेत गोळा करावा लागत होता. रमाबाईंच्या समोर तो एका अंगणात बसलेला होता.

निदणाच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. सर्वांत जास्त लोकांना कळणारा शब्द निवडावा, हा नियम पुरेसा नाही, कारण तो शब्द त्या वाक्यात काय करू शकतो हे त्यातून कळत नाही. मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा शब्द निवडावा, हाही पुरेसा नाही, कारण तो शब्द कोणत्या पिकाच्या शेतातला आहे हे त्यातून कळत नाही. शिष्ट शब्दाचा आधार घ्यावा, तर ऐकणाऱ्यांपैकी कोण वगळले जाते याचा हिशेब द्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकारांनी निदण घेतले, तेव्हा त्यांनी एका प्रदेशाचा शब्द साऱ्या मराठीसाठी पुढे केला आणि वाक्याच्या रचनेने त्याला साथ दिली. शेताबाहेरचा शब्द त्यांनी टाळला. गव्हासारखे दिसणारे पण गहू नसलेले असे काही त्या शब्दात नव्हते. ते ऐकणाऱ्याला वाक्यातून, ओंब्या येण्याच्या उल्लेखातून, स्वतःच ओळखावे लागले.