व्याजाचे अंतर आणि थकलेली कर्जे : बँकेच्या समभागाच्या दोन कसोट्यांचा इतिहास

बँकेच्या समभागाचे मोल ठरविताना दोन आकडे प्रथम पाहावेत, असा भांडवली बाजारातील परिपाठ आहे. पहिला आकडा निव्वळ व्याज मार्जिनचा होय. कर्जे व रोखे यांवर बँकेस मिळालेल्या व्याजातून ठेवीदारांना व इतर धनकोंना दिलेले व्याज वजा करावे आणि उरलेल्या रकमेस व्याज मिळवून देणाऱ्या सरासरी मालमत्तेने भागावे, म्हणजे तो मिळतो. दुसरा आकडा ढोबळ अनुत्पादक कर्जांचा, म्हणजे ज्यांचे येणे थकले आहे अशा कर्जांचे एकूण कर्जांशी असलेले शेकडा प्रमाण होय. पहिल्याने बँकेची कमाई कळते आणि दुसऱ्याने त्या कमाईतील धोका कळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हे दोन साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र नाहीत आणि एक खोटे बोलू लागला की दुसराही त्याच्याच सुरात बोलतो, ही गोष्ट भारतीय बँकांच्या गेल्या चार दशकांच्या इतिहासावरून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. व्यवहारात आपण ज्याला ‘बुडीत कर्ज’ म्हणतो ते आणि ‘अनुत्पादक कर्ज’ ही एकच वस्तू नव्हे. बुडीत या शब्दात मुद्दल गेल्याचा निश्चय आहे; अनुत्पादक या शब्दात एवढेच विधान आहे की, ठरलेल्या मुदतीत व्याज किंवा हप्ता आला नाही. म्हणजे कर्जाच्या नादारीची व्याख्याच मुळी येणे येण्या-न येण्यावरून केलेली आहे. ‘ढोबळ’ हे विशेषणही फसवे आहे. मराठीत त्याचा एक अर्थ ‘अंदाजी’ असा होतो. येथे मात्र तो अर्थ अभिप्रेत नाही. संभाव्य नुकसानीसाठी बाजूस काढलेली तरतूद वजा करण्यापूर्वीची संपूर्ण रक्कम, इतकाच येथे त्याचा अर्थ आहे.

या दोन आकड्यांचे नाते एका लहान हिशेबाने स्पष्ट होईल. एका बँकेने 100 कोटी रुपयांची कर्जे शेकडा 10 दराने दिली आहेत, असे समजू. त्यांपैकी 90 कोटी ठेवींतून आले व त्यांवर बँक शेकडा 6 व्याज देते. उरलेले 10 कोटी भागधारकांचे. वर्षाचे व्याज-उत्पन्न 10 कोटी, व्याज-खर्च 5.4 कोटी, म्हणजे मार्जिन शेकडा 4.6. पगार, भाडे इत्यादींचा खर्च 2.5 कोटी धरल्यास करपूर्व नफा 2.1 कोटी होतो. आता 10 कोटींच्या एका कर्जदाराने वर्षभर काहीच भरले नाही. बँकेने हे कर्ज अनुत्पादक म्हणून नोंदविले, तर न आलेले एक कोटीचे व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि आधी धरले असल्यास ते उलटवावे लागते. मार्जिन 3.6 वर येते, ढोबळ प्रमाण शून्यावरून 10 वर जाते आणि शेकडा 15 प्रमाणे दीड कोटीची तरतूद केली की नफ्याच्या जागी 40 लाखांचा तोटा दिसतो. परंतु बँकेने त्याच कर्जदारास आणखी एक कोटीचे नवे कर्ज दिले व त्यातून जुन्याचे व्याज भरून घेतले, तर कागदोपत्री व्याज आले, कर्ज उत्पादक राहिले, मार्जिन व नफा अबाधित राहिले. एकाच नोंदीने दोन्ही कसोट्या उत्तीर्ण झाल्या. घटना मात्र दोन्ही प्रसंगी एकच आहे.

म्हणूनच, व्याज केव्हा ‘आले’ असे मानावे हा प्रश्न आपल्याकडील बँक-सुधारणेच्या केंद्रस्थानी राहिला आहे. 1985 साली रिझर्व्ह बँकेने कर्जांची आठ गटांत विभागणी करणारी ‘आरोग्य-संकेतांक’ पद्धती सुरू केली. समाधानकारक कर्जापासून बुडीत व संशयित कर्जापर्यंत तिच्यात पायऱ्या होत्या. परंतु कर्ज कोणत्या पायरीवर ठेवावे, हे मुख्यतः बँकेच्या विवेकावर अवलंबून होते. 1991 साली नरसिंहम समितीने याच जागी बोट ठेवले. तिच्या शिफारशींनुसार 1992–93 या वर्षापासून विवेकाच्या जागी दिनदर्शिका आली. त्या वर्षासाठी चार तिमाह्या, पुढील वर्षी तीन, आणि मार्च 1995 पासून दोन तिमाह्या थकलेले कर्ज अनुत्पादक समजावे असे ठरले. मार्च 2004 मध्ये संपलेल्या वर्षापासून ही मुदत 90 दिवसांवर आणण्यात आली आणि आजही तीच रूढ आहे. नवे नियम लागू होताच 1992–93 च्या हिशेबात अनेक सरकारी बँकांना तोटा दिसू लागला. त्यांचे कर्जदार एका वर्षात बिघडले नव्हते. जुनी स्थिती नव्या व्याख्येमुळे दृश्य झाली होती.

तथापि, दिनदर्शिकेलाही चुकविण्याचे मार्ग निघाले. कर्जाची पुनर्रचना करून परतफेडीची मुदत वाढविली की थकबाकीचे दिवस पुन्हा शून्यापासून मोजता येत. 2015 च्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँकेने मोठ्या कर्जखात्यांची स्वतः तपासणी केली. ती ‘मालमत्ता-गुणवत्ता तपासणी’ म्हणून ओळखली जाते. त्यानंतर देशातील व्यापारी बँकांचे ढोबळ प्रमाण मार्च 2015 मधील सुमारे 4.3 वरून मार्च 2018 पर्यंत 11 च्या वर गेले. या तपासणीतून एक तिसरा आकडा जन्मास आला. बँकेने स्वतः नोंदविलेली अनुत्पादक कर्जे आणि नियामकास आढळलेली अनुत्पादक कर्जे यांतील तफावत ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास ती वार्षिक हिशेबात जाहीर करावी, असा आदेश एप्रिल 2017 मध्ये निघाला.

या तिसऱ्या आकड्याची किंमत काय होती, हे मुंबईत मुख्यालय असलेल्या येस बँकेच्या उदाहरणावरून दिसते. मार्च 2016 अखेर या बँकेचे मार्जिन शेकडा 3.4 होते व ढोबळ प्रमाण अवघे 0.76. दोन्ही कसोट्या एकत्र लावल्यास याहून निरोगी बँक क्वचितच सापडली असती. प्रत्यक्षात तिने सुमारे 749 कोटींची अनुत्पादक कर्जे नोंदविली होती, तर रिझर्व्ह बँकेच्या मते ती सुमारे 4,926 कोटी होती. एकूण कर्जे 98,000 कोटींच्या आसपास असल्याने खरे प्रमाण शेकडा 5 ठरत होते. पुढील वर्षी तेच पुन्हा घडले. बँकेचा आकडा सुमारे 2,019 कोटी, नियामकाचा सुमारे 8,374 कोटी. ही दुसरी तफावत ऑक्टोबर 2017 मध्ये जाहीर झाली. मधल्या काळात यांतील बरीच कर्जे फिटली, विकली गेली किंवा सुधारली, असे बँकेचे म्हणणे होते. बाजाराने ते मानले असे दिसते. कारण पुढच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे 2018 साली, समभागाने 400 रुपयांची पातळी ओलांडली.

या काळातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मार्च 2016 ते मार्च 2018 या दोन वर्षांत बँकेची कर्जे सुमारे 98,000 कोटींवरून 2,03,000 कोटींवर गेली. ढोबळ प्रमाण हा एक अपूर्णांक आहे आणि त्याचा छेद दुप्पट झाला की अंशातील तितकीच थकबाकी निम्मी भासते. नवे कर्ज पहिल्या वर्षी सहसा थकत नाही; म्हणून वेगाने वाढणाऱ्या बँकेचे प्रमाण काही काळ चांगलेच दिसते. मार्च 2018 अखेरचे 1.28 हे प्रमाण या प्रकाशात वाचावयास हवे होते.

सप्टेंबर 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने मुख्य कार्यकारी अधिकारी राणा कपूर यांची मुदत 31 जानेवारी 2019 पर्यंतच मर्यादित केली. फेब्रुवारी 2019 मध्ये 2017–18 या वर्षासाठी तफावत शून्य असल्याचे बँकेने जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे शेकडा 30 वधारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 2018–19 साठी सुमारे 3,277 कोटींची तफावत उघड झाली. नियामकाच्या तपासणीचा निर्वाळाही एका वर्षापुरता असतो, अंतिम नसतो, हा त्याचा अर्थ.

यानंतरच्या तिमाहीत दोन्ही साक्षीदार एकदमच खरे बोलू लागले. सप्टेंबर 2019 मध्ये ढोबळ प्रमाण 7.39 होते, डिसेंबरमध्ये ते 18.87 झाले. त्याच तिमाहीत मार्जिन सुमारे 2.7 वरून 1.4 वर उतरले आणि तोटा 18,500 कोटींहून अधिक झाला. व्याजदर तीन महिन्यांत एवढे बदलले नव्हते. जे व्याज येणार म्हणून धरले जात होते, ते यापुढे धरता येईना. आपल्या लहान हिशेबातील 4.6 चे 3.6 ज्या कारणाने झाले, तेच कारण येथे मोठ्या प्रमाणावर दिसते. 5 मार्च 2020 रोजी बँकेवर निर्बंध आले. ठेवीदारांस 50,000 रुपयांपलीकडे रक्कम काढता येईना. स्टेट बँकेच्या पुढाकाराने तिने व इतर वित्तसंस्थांनी मिळून 10,000 कोटींचे नवे भांडवल घातले. ज्यांना भांडवलाचाच भाग मानले जाते असे 8,415 कोटींचे रोखे शून्य ठरविण्यात आले, आणि शंभराहून अधिक समभाग असलेल्या भागधारकांचे तीन-चतुर्थांश समभाग तीन वर्षे विकता येणार नाहीत अशी अट घालण्यात आली.

यावरून दोन कसोट्या टाकाऊ आहेत असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. मार्जिन टिकून आहे आणि ढोबळ प्रमाण उतरत आहे, अशी बँक खरोखरच सुदृढ असू शकते. परंतु हे प्रमाण कशामुळे उतरले, हे विचारले पाहिजे. वसुली झाली असेल तर तो गुण आहे. कर्ज निर्लेखित करून ताळेबंदातून काढले असेल तर रोग बरा झालेला नसून रोग्याचे नाव तेवढे यादीतून गेले आहे. आणि नव्या कर्जांनी छेद फुगला असेल तर निर्णय दोन-तीन वर्षे राखून ठेवावा. म्हणून या वर्षीच्या थकबाकीची तुलना या वर्षीच्या कर्जांशी न करता दोन वर्षांपूर्वीच्या कर्जांशी करून पाहणे उपयुक्त ठरते. येस बँकेची मार्च 2017 मधील नियामकाने मोजलेली थकबाकी त्या वर्षीच्या कर्जांच्या शेकडा 6.3 होती, एकच वर्ष मागे जाऊन मार्च 2016 च्या कर्जांशी ताडल्यास ती शेकडा 8.5 भरते.

सारांश, हे दोन आकडे म्हणजे एकाच विधानाची दोन रूपे आहेत. कर्जदाराने दिलेले व्याज खरोखर त्याच्या धंद्यातून आले, हे ते विधान होय. ते विधान खरे असेल तोवरच आकड्यांना अर्थ आहे. 1985 पासून आजपर्यंतचा नियमांचा इतिहास हा या एका क्रियापदाचा, ‘आले’ याचा, अर्थ निश्चित करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. आणि 2020 च्या अनुभवाने तो प्रयत्न अपुरा असल्याचे दाखवून दिले आहे.